कठड्याची सावली आणि एक वजाबाकी

दिवाळीनंतर गच्चीच्या दक्षिणेकडच्या कठड्याला लागून एक लांबट ट्रे ठेवला आणि त्यात मेथी पेरली. मेथी उगवली, पण पिवळट आणि लुकडी. डिसेंबरात एक दिवस दुपारी वर जाऊन पाहिलं तर सगळी गच्ची उन्हात आणि ट्रे मात्र अख्खा सावलीत. आई म्हणाली, "संक्रांत होऊ दे, ऊन सरकेल आत." किती सरकेल, हे कागदावर काढता येतं. त्याला एक वजाबाकी आणि कॅल्क्युलेटरवरचं tan हे बटण पुरतं.

घर पुण्यात, म्हणजे अक्षांश १८.५ अंश उत्तर. विषुवाच्या दिवशी, २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास, सूर्य विषुववृत्ताच्या बरोबर वर असतो. आपण तिथून १८.५ अंश उत्तरेला, म्हणून माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्यापासून १८.५ अंश दक्षिणेला कललेला दिसतो. इतर दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकलेला असतो. या सरकण्याला 'क्रांती' म्हणतात. २१ जूनला ती उत्तरेकडे २३.४ अंश असते आणि २२ डिसेंबरच्या सुमारास दक्षिणेकडे तेवढीच. दक्षिणेची क्रांती उणे धरायची.

आता वजाबाकी. अक्षांशातून क्रांती वजा केली की सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून किती अंश ढळला आहे ते मिळतं. याला नतांश म्हणतात. ९० मधून नतांश वजा केले की सूर्याची क्षितिजापासूनची उंची, आणि वस्तूच्या उंचीला नतांशाच्या tan ने गुणलं की सपाट जमिनीवरची सावली.

२२ डिसेंबरला १८.५ वजा उणे २३.४, म्हणजे ४१.९ अंश. गोंधळ होतो तो इथेच. उणं वजा केलं की बेरीज होते हे विसरलं की उत्तर उणे ४.९ येतं, आणि कडाक्याच्या थंडीत सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याचा निष्कर्ष निघतो! ४१.९ अंशांचा tan ०.९०. कठडा १ मीटर उंच, म्हणून त्याची सावली ९० सेंटिमीटर.

ही फक्त दुपारची गोष्ट असं वाटेल. पण पूर्व-पश्चिम धावणाऱ्या भिंतीची सावली हिवाळ्यात सकाळ-संध्याकाळ उत्तरेकडे आणखी लांब पसरते आणि माध्यान्ही सर्वांत आखूड असते. म्हणजे त्या दिवशी कठड्यालगतच्या ९० सेंटिमीटर पट्ट्यात फरशीवर सूर्य अजिबात पोचत नाही. ट्रेमधली माती फरशीपासून २५ सेंटिमीटर उंच, म्हणून तिच्या दृष्टीने कठडा ७५ सेंटिमीटरचाच आणि सावली ६७ सेंटिमीटरची. ट्रे जेमतेम ३० सेंटिमीटर रुंद. मेथीचा काही दोष नव्हता.

आता आईची संक्रांत. १४ जानेवारीला क्रांती उणे २१.३ च्या आसपास असते. नतांश ३९.८, tan ०.८३. कठड्याची सावली ९० वरून ८३ वर आली, म्हणजे तीन आठवड्यांत फक्त ७ सेंटिमीटर. टोकाला पोचल्यावर क्रांती फार सावकाश बदलते, विषुवाजवळ मात्र दिवसाला ०.४ अंशाने पळते. २८ फेब्रुवारीला सावली ५० सेंटिमीटरवर येते. ट्रेमधल्या मातीच्या बाहेरच्या कडेला ऊन लागायला नतांश २१.८ च्या खाली यावे लागतात, म्हणजे क्रांती उणे ३.३. हा योग मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. तेव्हा मेथी कशाला, कलिंगडं आलेली असतात बाजारात. ट्रे कठड्यापासून ७० सेंटिमीटर पुढे ओढला आणि प्रश्न मिटला.

तारखेवरून क्रांती काढायची झाली, तर १ जानेवारीपासून मोजलेला दिवसाचा क्रमांक N धरून हे साधं सूत्र चालतं:

δ = −23.44° × cos(360°/365 × (N + 10))

१४ मे हा वर्षातला १३४ वा दिवस. सूत्राने क्रांती १८.५ येते, खरी १८.६ च्या जवळ असते. बागेसाठी हे भरपूर झालं. सप्टेंबरच्या उत्तरार्धात मात्र हे सूत्र जवळजवळ एका अंशाने चुकतं, कारण पृथ्वीची कक्षा गोल नाही आणि सूत्राने ती गोल धरली आहे. तेव्हा तक्त्यातली क्रांती घ्यावी.

मे महिन्याचा हा आकडा पुणेकरांसाठी खास आहे. अक्षांश १८.५, क्रांतीही १८.५, वजाबाकी शून्य आणि सावलीही शून्य. १३-१४ मेच्या या दिवसाला शून्य सावली दिवस म्हणतात. परततानाचा दुसरा दिवस जुलैच्या अखेरीस येतो, पण तो बहुधा ढगांत जातो. मधल्या अडीच महिन्यांत वजाबाकीचं उत्तर उणे येतं. २१ जूनला ते उणे ४.९. उण्याचा अर्थ एवढाच, की सूर्य डोक्याच्या उत्तरेला गेला आणि सावली दक्षिणेला पडली, १ मीटर काठीची साडेआठ सेंटिमीटर. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेकडून जातं, त्यामुळे राज्यात सगळीकडे हे घडतं. दिल्लीत कधीच घडत नाही.

शून्य सावली बघायला बरेच जण घड्याळात बारा वाजले की अंगणात येतात आणि सावली दिसते म्हणून हिरमुसतात. हिशोब चुकलेला नसतो, माध्यान्ह झालेली नसते. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं, पुणे ७३.९ वर. अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्याला इथे यायला साधारण ३५ मिनिटं जास्त लागतात. शिवाय मेच्या मध्याला सूर्य घड्याळाच्या सुमारे चार मिनिटं पुढे असतो, ती वजा केली की १२ वाजून ३१ मिनिटं. बारा वाजता १ मीटर काठीची सावली चांगली १३ सेंटिमीटर असते.

हाच हिशोब आपल्या पंचांगात उलट्या बाजूने बसलेला आहे. १२ अंगुळं उंचीचा शंकू, म्हणजे उभी काठी, विषुवाच्या माध्यान्ही किती अंगुळं सावली टाकतो, त्याला त्या गावची पलभा म्हणतात. पुण्यासाठी १२ गुणिले tan १८.५, म्हणजे जवळजवळ बरोबर ४ अंगुळं. गावाचा अक्षांश अंशांत न सांगता सावलीत सांगितला, एवढंच.

ही मोजणी गच्चीवर करताना मला दोन गोष्टींनी फसवलं. पावसाचं पाणी जावं म्हणून गच्चीला उतार असतो. १०० ला १ एवढा उतार उत्तरेकडे असला तरी डिसेंबरातली ९० सेंटिमीटरची सावली सुमारे ८ मिलिमीटर लांबते. म्हणून सावली फरशीवर न घेता पाणसळीने सपाट केलेल्या फळीवर घ्यावी आणि काठी ओळंब्याने उभी करावी. दुसरी गोष्ट सावलीच्या टोकाची. सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे, त्यामुळे सावलीची कडा डिसेंबरात पावणेदोन सेंटिमीटर धूसर असते. काळं संपतं तिथे खूण केली तर आकडा कमी येतो, करडं विरतं तिथे केली तर जास्त. मी दोन्हीकडे पेन्सिलीची रेघ मारतो आणि मधलं माप धरतो.