हॅलोजन मॉइश्चर अ‍ॅनालायझरची पडताळणी

हॅलोजन मॉइश्चर अ‍ॅनालायझर म्हणजे एका घरात बसवलेला तराजू आणि हीटर. अ‍ॅल्युमिनियमच्या पॅनमध्ये पसरलेला नमुना तराजूवर ठेवतात, वरून हॅलोजन दिव्याची उष्णता देतात, आणि वाळताना घटलेले वजन सुरुवातीच्या वजनाच्या टक्केवारीत पडद्यावर दिसते. ओव्हनमध्ये काही तास लागणारी हीच चाचणी इथे बहुधा पाच ते पंधरा मिनिटांत होते. दूध पावडर, डाळीचे पीठ, साखर, औषधी ग्रॅन्यूल्स, प्लास्टिकचे दाणे अशा मालासाठी कारखान्यांतल्या प्रयोगशाळांत हे यंत्र सर्रास दिसते.

पडताळणी म्हणजे यंत्रात काहीही न बदलता ते ठरलेल्या मर्यादेत चालते आहे का हे पाहणे. बदल करणे ही वेगळी कृती आहे, आणि ती नंतरची. सकाळी आल्या आल्या अ‍ॅडजस्टमेंटचे बटण दाबून मग वजन ठेवले, तर वजन बरोबरच येणार. पण कालपर्यंत दिलेले निकाल बरोबर होते की नाही, हे मग कधीच कळत नाही. म्हणून ‘जसे सापडले तसे’ वाचन आधी नोंदवहीत उतरवतात.

संदर्भ वजनाची तपासणी सोपी आहे. एक मिलिग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या यंत्रासाठी बहुधा २० किंवा ५० ग्रॅमचे, अचूकतेच्या एफ-१ वर्गाचे वजन वापरतात. आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेच्या आर-१११ या शिफारशीनुसार २० ग्रॅमच्या एफ-१ वजनाला ०.२५ मिलिग्रॅमची चूक माफ असते. त्याहून ढिल्या एम-१ वर्गात हीच मुभा २.५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे तराजूच्या वाचनक्षमतेपेक्षा जास्त. त्यामुळे ते वजन इथे कामाचे नाही. यंत्र अर्धा तास तरी चालू ठेवावे, तराजू समतल करून त्याच्या पातळीदर्शकातला बुडबुडा मधोमध आणावा आणि आतले घर थंड असल्याची खात्री करावी. वजन चिमट्याने उचलावे. नुकत्याच झालेल्या चाचणीने तापलेल्या घरात वजन ठेवले तर आकडा सरकत राहतो आणि तराजूला विनाकारण दोष लागतो. पंखा आणि एसीचा झोतही हाच खेळ करतो.

मात्र या तपासणीतून काय कळते याबद्दल बराच गैरसमज आहे. समजा, तराजू २०.००० ग्रॅमला २०.०१० दाखवतो. वजन तपासणीत हे यंत्र सपशेल नापास. आता यावर दूध पावडर ठेवा: खरे वजन ५.००० ग्रॅम, वाळल्यावर ४.८०० ग्रॅम, म्हणजे ओलावा ४.०० टक्के. तराजू दाखवेल ५.००२५ आणि ४.८०२४. यातूनही उत्तर ४.०० टक्केच निघते. वरचा आणि खालचा आकडा एकाच प्रमाणात चुकला की भागाकारात ती चूक उडून जाते. ओलाव्याचा निकाल बिघडवते ती वेगळी चूक: तेच वजन पुन्हा ठेवल्यावर वेगळे वाचन येणे, किंवा गरम होताना तराजूचे शून्य सरकणे. म्हणून एकच वजन एकदा ठेवून ‘ओके’ लिहिण्यापेक्षा ते पाच वेळा ठेवून-उचलून वाचनांतला फरक पाहणे, आणि नमुन्याच्या वजनाजवळचे, म्हणजे ५ ग्रॅमसारखे, एक लहान वजनही ठेवणे जास्त उपयोगाचे. शून्य सरकते का हे पाहायला आधीच पूर्ण वाळवून डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, थंड केलेली स्वच्छ वाळू पाच ग्रॅम घ्यावी आणि रोजच्या तापमानावर दहा मिनिटे चालवावी. तिच्यात जाण्यासारखे काही नाही. तरीही ०.०६ टक्के घट दिसली, तर ते तीन मिलिग्रॅम तराजूचे आहेत, वाळूचे नाहीत.

वजनाला तापमानाचा पत्ता नसतो. दिवा, तापमानाचा सेन्सर, तराजू आणि चाचणी कधी थांबवायची याचा हिशेब हे सगळे मिळून बरोबर चालतात का, हे पाहायला ज्याचा ओलावा ठाऊक आहे असा पदार्थ लागतो. त्यासाठी रूढ पदार्थ म्हणजे सोडियम टार्ट्रेट डायहायड्रेट. त्याच्या स्फटिकात पाण्याचे दोन रेणू पक्के बांधलेले असतात. रेणूभार २३०.०८ आणि त्यातले पाणी ३६.०३, म्हणून पाण्याचा वाटा १५.६६ टक्के. नेहमीच्या हवेत तो ओलावा ओढत नाही आणि सोडतही नाही. कोकणातल्या जुलैत हा गुण फार मोलाचा ठरतो. यंत्र उत्पादक तयार संदर्भ दाण्यांची सीलबंद पाकिटे देतात. ती मात्र उघडल्याबरोबर पॅनमध्ये ओतून लगेच चाचणी सुरू करावी लागते, कारण दमट खोलीत ते दाणे मिनिटामिनिटाला हवेतला ओलावा घेत राहतात.

टार्ट्रेट आधी खलात बारीक करतात. मोठ्या स्फटिकाच्या पोटातले पाणी वेळेत बाहेर पडत नाही आणि निकाल कमी येतो. मग पॅन टेअर करून, म्हणजे रिकाम्या पॅनचे वजन शून्य धरून, सुमारे तीन ग्रॅम पूड सारखी पसरायची आणि साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअसवर वजन स्थिर होईपर्यंत चालवायचे. उदाहरणार्थ, सुरुवातीला ३.०१२ ग्रॅम आणि शेवटी २.५४१ ग्रॅम असेल तर घट ०.४७१ ग्रॅम, म्हणजे १५.६४ टक्के. इथे एका मिलिग्रॅमची किंमत ०.०३ टक्क्याहून थोडी जास्त आहे, त्यामुळे १५.६४ आणि १५.६६ मधला फरक तराजूला दिसतच नाही. स्वीकाराची मर्यादा प्रयोगशाळेने स्वतःच्या यंत्राच्या पुनरावृत्तीवरून, म्हणजे तीच चाचणी पुन्हा पुन्हा केल्यावर आकडे किती जुळतात त्यावरून, ठरवावी. बाटलीच्या प्रमाणपत्रावर वेगळा आकडा असेल तर तोच धरावा.

निकाल कमी आला तर आधी यंत्रावरचा वाळण्याचा आलेख पाहावा. शेवटी रेष अजून उतरतीच असेल तर चाचणी लवकर थांबली आहे किंवा उष्णता कमी पडते आहे. रेष सपाट होऊनही आकडा कमी असेल तर पूड जाड आहे किंवा बाटलीतला माल आधीच पाणी गमावून बसला आहे. १५.६६ च्या बराच वर आकडा गेला तर पूड वरून ओली झाली आहे, किंवा तापमान इतके चढले आहे की पदार्थच विघटित होऊ लागला आहे.

टार्ट्रेटचीही एक आंधळी बाजू आहे. समजा, एका डेअरीच्या प्रयोगशाळेत वजन बरोबर येते, टार्ट्रेट १५.६२ देतो, आणि तरीही दूध पावडरचा ओलावा ओव्हनपेक्षा सातत्याने ०.२ टक्का कमी निघतो. तापमान तपासणीचा किट पॅनच्या जागी ठेवल्यावर कळते की १६० ला लावलेले घर प्रत्यक्षात १५३ वर आहे आणि १०० ला लावलेले ९५ वर. टार्ट्रेटचे पाणी १५३ वरही पूर्ण निघून जाते, म्हणून तो काहीच बोलला नाही. दूध पावडरला असा सपाट टप्पा नाही. पाच अंश कमी मिळाले की तिच्यातले थोडे पाणी आतच राहते. असा दोष पुष्कळदा दिव्याखालच्या काचेवर किंवा सेन्सरवर साचलेल्या थरामुळे येतो. आधी स्वच्छता, मग तापमानाचे अ‍ॅडजस्टमेंट, आणि त्यानंतर पुन्हा टार्ट्रेट हा क्रम पाळावा. वर सांगितलेल्या तयार दाण्यांचा फायदा इथे दिसतो. त्यांचा अपेक्षित ओलावा प्रत्येक तापमानाला वेगळा दिलेला असतो, त्यामुळे तापमान घसरले की आकडाही घसरतो.

यंत्र चोख असूनही निकाल विस्कटण्याचे सर्वात मोठे कारण म्हणजे नमुन्याचे वजन. कारण सरळ आहे. तराजूची चूक मिलिग्रॅममध्ये ठरलेली असते, पण निकाल टक्क्यांत येतो. चार टक्के ओलाव्याच्या दूध पावडरचा एक ग्रॅम घेतला तर एकूण घटच ४० मिलिग्रॅम, आणि दोन मिलिग्रॅमच्या चुकीने निकाल ०.२ टक्का हलतो. पाच ग्रॅम घेतले तर तीच चूक ०.०४ टक्क्यावर येते. पडद्यावर दोन दशांश स्थळे दिसतात म्हणून ती खरी मानायचे कारण नाही. उत्पादक माहितीपत्रकात पुनरावृत्तीचे दोन आकडे देतात, एक दोन ग्रॅमसाठी आणि एक दहा ग्रॅमसाठी. विकणारा अर्थातच दुसरा आकडा मोठ्याने सांगतो. किमान वजन काढायचे गणित असे:

किमान नमुना (ग्रॅम) = १०० × तराजूची चूक (ग्रॅम) ÷ चालणारी चूक (टक्के)

दोन मिलिग्रॅमची चूक आणि ०.०५ टक्क्याची मुभा धरली तर चार ग्रॅम लागतात.

मग दहा-पंधरा ग्रॅम का घेऊ नयेत? ९० मिलिमीटर व्यासाच्या पॅनचा तळ सुमारे ६४ चौरस सेंटिमीटर भरतो. हलकी दूध पावडर पाच ग्रॅम पसरली तर थर दीड मिलिमीटरच्या आसपास राहतो. पंधरा ग्रॅमचा थर जवळपास पाच मिलिमीटर होतो. उष्णता वरून येते, त्यामुळे वरची पावडर तांबूस होऊ लागते आणि तळाची अजून दमट असते. साखर किंवा गुळाच्या पावडरीवर तर वर पापुद्रा धरतो आणि खालची वाफ अडकते. चाचणी संपल्यावर पॅन बाहेर काढून चमच्याने थर उकरून पाहावा. वर खमंग आणि खाली फिक्कट असेल तर वजन कमी करा किंवा तापमान उतरवा.

तिसरी गोष्ट सहसा कुणी पाहत नाही. बऱ्याच यंत्रांत चाचणी थांबवण्याची अट ‘५० सेकंदांत १ मिलिग्रॅमपेक्षा कमी घट’ अशी असते. पाच ग्रॅमच्या नमुन्यासाठी याचा अर्थ ५० सेकंदांत ०.०२ टक्का, पण एक ग्रॅमसाठी ०.१ टक्का. म्हणजे लहान नमुना तुलनेने बराच ओला असतानाच यंत्र ‘झाले’ म्हणते. सकाळच्या पाळीने दोन ग्रॅम आणि रात्रीच्या पाळीने सहा ग्रॅम घेतले, तर माल एकच असून ओलाव्याचे आकडे वेगळे येतात आणि भांडण ऑपरेटरांत लागते. पद्धतीत वजन ठरवून त्याच्या दहा टक्के इकडे-तिकडेच ठेवले की हा फरक बहुतांश जातो. अखंड दाण्यांना आणखी एक अडचण आहे: सोयाबीनचे तीन ग्रॅम म्हणजे जेमतेम पंचवीस दाणे, आणि ते पोत्याचे प्रतिनिधी क्वचितच असतात. म्हणून मोठा नमुना दळून, चांगला कालवून त्यातून थोडा घेतात. दळताना तापून ओलावा उडणार नाही एवढी काळजी घ्यावी लागते.

या सगळ्या तपासण्यांत पास झालेले यंत्रही पाणी मोजत नाही, वजनातली घट मोजते. हळद, मिरी, लवंग यांच्यातली उडनशील तेले पाण्याबरोबरच निघून जातात आणि ओलाव्यात धरली जातात. म्हणून मसाल्यांच्या ओलाव्यासाठी टोल्यूइनबरोबर ऊर्ध्वपातन करून पाणी वेगळे गोळा करण्याची पद्धत वापरतात, आणि हॅलोजनचा आकडा तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय प्रमाणपत्रावर चढवत नाहीत.