विक्री मिश्रणाचा ना-नफा-ना-तोटा बिंदू

एकाच धंद्यात अनेक वस्तू किंवा सेवा ठरावीक प्रमाणात विकल्या जात असतील, तर एकूण किती विक्रीला स्थिर खर्च पूर्ण भरून निघतो हे काढण्याची रीत. वस्तू एकच असेल तर स्थिर खर्चाला दर नगाच्या अंशदानाने भागले की झाले. अंशदान म्हणजे विक्रीच्या दरातून बदलता खर्च वजा जाता उरणारी रक्कम. वस्तू अनेक असल्या की प्रत्येकीचे अंशदान वेगळे असते, आणि भागायचे कशाने हा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर म्हणजे भारित सरासरी अंशदान.

विदर्भातल्या तूरपट्ट्यात गावोगाव दिसणाऱ्या मिनी डाळमिलचे उदाहरण घेऊ. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी मानलेले आहेत. मिलची तीन कामे : शेतकऱ्याची तूर भरडून देणे, स्वतः तूर घेऊन डाळ विकणे आणि थोडी चणाडाळ. ऑपरेटरचा पगार १,०८,००० रुपये, शेडचे भाडे ३६,०००, व्याज आणि घसारा ४५,०००, विमा व विजेचा स्थिर आकार १२,००० असा वर्षाचा स्थिर खर्च २,०१,००० रुपये होतो. ऑपरेटर महिन्याच्या पगारावर आहे म्हणून तो इथे आला. क्विंटलमागे मजुरी घेणारा हमाल बदलत्या खर्चात जातो.

खरी मेहनत अंशदान काढण्यात आहे. एक क्विंटल डाळीला १.४ क्विंटल तूर लागते असे धरू. ७,६०० च्या भावाने तिचे १०,६४० रुपये झाले. तेल लावून, उन्हात वाळवून, भरडून पोत्यात भरेपर्यंत मजुरी, तेल, वीज आणि बारदाना मिळून ४६० रुपये लागतात. मागे राहिलेली चुनी आणि टरफल गुरांसाठी विकून ८०० परत येतात. ते वजा करायचे विसरले तर अंशदान उगाच कमी दिसते. म्हणजे बदलता खर्च १०,३०० आणि डाळीचा भाव ११,५००, तेव्हा अंशदान १,२००. भरडाईत माल शेतकऱ्याचाच असल्याने क्विंटलमागे ६०० रुपये घेऊन २०० खर्च जातो व ४०० उरतात. चणाडाळ ७,८०० ला विकून ७,१०० खर्च जाता ७०० उरतात.

वर्षभराच्या वहीवरून कामाचे प्रमाण ६ : ३ : १ निघाले. दहा क्विंटलांचा एक गठ्ठा मानला, तर त्याचे अंशदान २,४०० + ३,६०० + ७०० = ६,७०० रुपये, म्हणजे क्विंटलमागे ६७०. हेच भारित सरासरी अंशदान. २,०१,००० भागिले ६७० म्हणजे ३०० क्विंटल. त्यात १८० क्विंटल भरडाई, ९० तूरडाळ आणि ३० चणाडाळ. तिघांचे अंशदान अनुक्रमे ७२,०००, १,०८,००० आणि २१,००० होते. बेरीज स्थिर खर्चाशी जुळते, आणि हा पडताळा कधी टाळू नये.

साधी सरासरी घेतली तर ७६७ रुपये येतात आणि उत्तर २६२ क्विंटलांवर थांबते. तिथे प्रत्यक्षात सुमारे २५,००० चा तोटा असतो. याहून मोठी चूक रुपयांत हिशेब करताना होते. भरडाईचे अंशदान विक्रीच्या ६६.७ टक्के, तूरडाळीचे १०.४ आणि चणाडाळीचे ९ टक्के आहे. या टक्क्यांना क्विंटलांचे ६ : ३ : १ हे भार लावले तर सरासरी ४४ टक्के येते आणि साडेचार लाखांच्या विक्रीवर खर्च निघाला असे वाटते. टक्क्यांना भार विक्रीच्या रकमेचेच लावावे लागतात. गठ्ठ्याची विक्री ४५,९०० रुपये, त्यात अंशदान ६,७००, म्हणजे १४.६ टक्के, आणि खरा बिंदू १३,७७,००० रुपयांवर.

सारा हिशेब प्रमाण टिकण्यावर उभा आहे. तूर खरेदीला भांडवल पुरले नाही आणि मिल भरडाईवरच चालली, प्रमाण ८ : १ : १ झाले, तर भारित अंशदान ५१० वर येते. मग ३०० क्विंटल करूनही ४८,००० कमी पडतात आणि बिंदू ३९५ क्विंटलांपर्यंत सरकतो. वर्षअखेर "मशीन त बंद नोयती, मंग पैसा गेला कुठी?" हा प्रश्न अशाच वेळी पडतो. एकूण क्विंटल ठरल्याप्रमाणे आणि दरही तेच, पण पैसा कमी, असे दिसले की आधी प्रमाण तपासावे.

प्रमाण एका महिन्यावरून काढू नये. नवी तूर घरात आल्यावर वर्षाची डाळ करून घ्यायला शेतकरी गर्दी करतात, तेव्हा भरडाई फुगलेली असते. पुढे ती ओसरते, शेडचे भाडे मात्र बाराही महिने चालू राहते.