लॅटिनमुळे फ्रेंच सुधारते का? एका जुन्या कोष्टकाची पार्श्वभूमी

दोन विषयांचे गुण कितपत जोडीने बदलतात हे सांगणारा आकडा म्हणजे सहसंबंध: ० म्हणजे सरळ रेषेतला संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण जोडीने. तो आज संगणक क्षणात काढून देतो. पण ०.८३ असा आकडा समोर आला की त्यातून काय समजायचे, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. गंमत म्हणजे ही कल्पना मांडणाऱ्यानेच त्याचे अर्धे उत्तर पहिल्या दिवशी देऊन ठेवले होते.

ही कल्पना मांडणारे इंग्रज संशोधक फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८८ मध्ये माणसांच्या शरीराच्या मापांवर निबंध लिहिला. उंची आणि कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी यांच्यातला सहसंबंध त्यांना ०.८ च्या आसपास मिळाला. हात लांब म्हणून माणूस उंच होतो, असे अर्थातच कोणी म्हणणार नाही. गॉल्टन यांनी लिहिले, की दोन अवयवांतले फरक काही अंशी सामायिक कारणांमुळे घडतात आणि म्हणून ते जोडीने बदलतात. पुढे संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १८९६ मध्ये आज आपण वापरतो ते सूत्र दिले. सूत्र सगळीकडे पोचले, सामायिक कारणांचे वाक्य मात्र मागे राहिले.

मग ही पद्धत शाळेत शिरली. चार्ल्स स्पिअरमन हे सैन्यातली नोकरी सोडून लाइप्झिगला मानसशास्त्र शिकायला गेलेले इंग्रज गृहस्थ. त्यांच्या १९०४ च्या निबंधात इंग्लंडमधल्या एका शाळेतल्या ३३ मुलांचे कोष्टक आहे. अभिजात भाषा (म्हणजे लॅटिन-ग्रीक) आणि फ्रेंच यांच्यातला सहसंबंध ०.८३, अभिजात भाषा आणि इंग्रजी ०.७८, फ्रेंच आणि इंग्रजी ०.६७. त्या काळी शिक्षणक्षेत्रात एक समजूत घट्ट होती: लॅटिनने बुद्धीला वळण लागते आणि मग बाकीचे विषय सोपे जातात. ०.८३ हा आकडा त्या समजुतीचा पुरावा वाटला तर नवल नाही.

पण त्याच कोष्टकात स्वरांच्या उंचीतला बारीक फरक ओळखण्याची चाचणीही आहे. अभिजात भाषांशी तिचा सहसंबंध ०.६६. लॅटिनची रूपे घोकून कान तयार होतो, असे म्हणायची तयारी असेल तरच ०.८३ चा तसा अर्थ लावावा.

हा आकडा नेमके काय पाहतो? प्रत्येक मूल आपल्या वर्गाच्या सरासरीच्या किती वर किंवा खाली आहे, एवढेच. पहिल्या परीक्षेत चार मुलांना ४०, ५०, ६०, ७० गुण पडले आणि दुसऱ्या परीक्षेत त्याच मुलांना अनुक्रमे २०, ३०, ४०, ५०, तर सहसंबंध पूर्ण १ येतो. प्रत्येकाचे वीस गुण घसरले, याचा त्या आकड्यात मागमूस नसतो. शिवाय लॅटिनचा फ्रेंचशी आणि फ्रेंचचा लॅटिनशी सहसंबंध एकच. कोणी कोणाला ओढले, ही माहिती सूत्रात शिरतच नाही, मग ती उत्तरात कुठून येणार?

सामायिक कारण हिशेबात घ्यायची पहिली नीट पद्धत संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज उडनी यूल यांनी १८९७ मध्ये दिली. तिसरी गोष्ट स्थिर धरली तर उरलेल्या दोघींत किती संबंध राहतो, हे मोजणारा हा आंशिक सहसंबंध. यूल शब्दांच्या बाबतीत काटेकोर. १८९९ मध्ये दारिद्र्यावरच्या लेखात त्यांनी ‘अमुक बदलामुळे’ अशी भाषा वापरली आणि तळटीप जोडली, की काटेकोरपणे तिथे ‘अमुक बदलाशी निगडित’ असे वाचावे. ती तळटीप मला लेखाइतकीच मोलाची वाटते.

यूल यांचे सूत्र स्पिअरमन यांच्या आकड्यांना लावून पाहू. प्रश्न असा: अभिजात भाषांमध्ये सारखीच गती असलेली मुले घेतली, तर त्यांच्या फ्रेंच आणि इंग्रजीच्या गुणांत किती संबंध उरतो?

```
(०.६७ − ०.८३ × ०.७८) ÷ √((१ − ०.८३²) × (१ − ०.७८²))
= ०.०२२६ ÷ ०.३४९
≈ ०.०६
```

०.६७ चे ०.०६ झाले. फ्रेंच आणि इंग्रजी यांचा थेट संबंध जवळजवळ विरून गेला.

इथेच पाय घसरतो. ‘म्हणजे अभिजात भाषाच दोन्हींचे मूळ’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो, पण तो या हिशेबातून निघत नाही. घरचे वाचन, शिक्षकांचे लक्ष, परीक्षेला बसण्याची सवय यांपैकी काहीही तिन्ही विषयांच्या मागे असेल आणि अभिजात भाषांच्या गुणांत ते सर्वांत स्वच्छ उमटत असेल, तरी आकडे असेच दिसतील. शिवाय मुले फक्त ३३. एवढ्याशा गटात मूळचा ०.६७ हा आकडाही ढोबळमानाने ०.४ ते ०.८ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो, मग ०.०६ आणि ०.३ यांतला फरक फार ताणू नये.

स्पिअरमन यांनी स्वतः सगळ्या विषयांच्या मागे एकच ‘सामान्य बुद्धी’ असल्याचे मांडले. पण मानसशास्त्रज्ञ गॉडफ्रे थॉमसन यांनी १९१६ मध्ये फासे टाकून कृत्रिम गुण तयार केले. प्रत्येक ‘चाचणी’ म्हणजे अनेक सुट्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या घटकांची बेरीज. काही घटक दोन चाचण्यांत सामायिक. एकच मोठे कारण कुठेही घातलेले नव्हते, तरी सहसंबंधांची रचना स्पिअरमन यांच्या कोष्टकासारखीच आली. तेच आकडे दोन वेगळ्या यंत्रणांतून निघू शकतात, हे यापेक्षा स्वस्तात कोणी दाखवले असेल असे वाटत नाही.

लॅटिनचा मूळ प्रश्न सुटायला मात्र वेगळ्या प्रकारची माहिती लागली. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी माध्यमिक शाळेतल्या ८,५६४ विद्यार्थ्यांची विचारशक्तीची चाचणी मे १९२२ मध्ये घेतली आणि वर्षभराने पुन्हा घेतली. त्यांनी चाचणीचे गुण आणि विषयाचे गुण शेजारी ठेवले नाहीत. वर्षभरात गुण किती वाढले, ते पाहिले. बाकीचे विषय तेच, पण एकाने लॅटिन घेतले आणि दुसऱ्याने कारखान्यातले हातकाम, अशा विद्यार्थ्यांच्या वाढीची तुलना केली. विषयांमुळे पडलेला फरक किरकोळ निघाला. सुरुवातीलाच जास्त गुण असलेली मुले मात्र वर्षभरात जास्त पुढे गेली. १९२४ मध्ये त्यांनी लिहिले, की ठरावीक विषयांनी चांगले विचार करणारे घडतात असे वाटते, याचे मुख्य कारण म्हणजे चांगले विचार करणारेच ते विषय घेतात.

थॉर्नडाइक यांच्या पद्धतीतही एक फट आहेच. कोणता विषय घ्यायचा हे मुलांनी आणि घरच्यांनी ठरवले होते, चिठ्ठ्या टाकून नव्हे. सुरुवातीचे गुण सारखे असलेल्या दोन मुलांतही, एकाने लॅटिन का निवडले यामागचे कारण वर्षभर काम करत राहू शकते. चिठ्ठ्या टाकून गट पाडण्यामागचा संख्याशास्त्रीय पाया इंग्रज संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी त्यानंतर, १९२५ पासून, शेतीच्या प्रयोगांसाठी रचला. शाळांमध्ये ती पद्धत सरसकट वापरणे आजही अवघड जाते, कारण मुलाचा विषय चिठ्ठीवर सोडायला फार थोडे पालक राजी होतात.