एकच बिल रोख, कार्ड आणि वॉलेट अशा तीन मार्गांनी भरताना : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

ठाण्यात राम मारुती रोडवरील आमच्या साड्यांच्या दुकानात गणपतीपासून दिवाळीपर्यंत गल्ल्यावर एकच प्रश्न वारंवार येतो : "थोडे रोख, थोडे कार्डावर आणि थोडे वॉलेटमधून दिले तर चालेल का?" चालते. आम्ही त्यासाठी वेगळा आकार घेत नाही आणि कार्डावर किमान रकमेची अटही ठेवलेली नाही. मात्र पैसे कोणत्या क्रमाने द्यायचे याबाबत आमचा एक आग्रह आहे : आधी वॉलेट, मग कार्ड आणि शेवटी रोख. हा क्रम उलटा झाला की ग्राहकांचा आणि त्यांच्यामागे रांगेत उभ्या असलेल्यांचा बराच वेळ जातो, म्हणून त्याचे कारण येथे सविस्तर सांगत आहोत.

अलीकडचाच एक प्रसंग पाहा. दोन साड्या आणि फॉल-बिडिंग मिळून बिल झाले ८,४६० रुपये. ताईंनी ५,००० रुपये कार्डावर, १,४६० रोख आणि २,००० वॉलेटमधून देण्याचे ठरवले होते. कार्डाची पावती निघाली, रोख रक्कम गल्ल्यात जमा झाली आणि मग वॉलेट उघडल्यावर त्यात १,६४० रुपयेच असल्याचे दिसले. ३६० रुपये कमी पडले आणि पर्समधली रोख तर संपलेली होती, त्यामुळे तेवढ्यासाठी कार्ड पुन्हा लावावे लागले. आता एका बिलाला कार्डाच्या दोन पावत्या जोडलेल्या आहेत आणि उद्या साडी परत करायची वेळ आली तर दोन्ही शोधाव्या लागतील. आधी वॉलेटमधून १,६४० घेतले असते, तर कार्डावर एकदाच ५,३६० आणि रोख १,४६० घेऊन बिल मिटले असते. वॉलेटमध्ये आहे तेवढेच पैसे निघतात आणि ते किती आहेत हे अनेकदा उघडल्यावरच कळते. कार्डावर हवा तो आकडा टाकता येतो, तर रोखीत शेवटचा हिशेब जुळवून सुटे परत देता येतात.

वॉलेट आधी घेण्याचे दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. कधी कधी फोनवर पैसे गेल्याचे दिसते, पण आमच्या पडद्यावर जमा झाल्याचा संदेश येत नाही. अशा वेळी बिल आम्ही बाजूला ठेवून पुढच्या ग्राहकाला घेतो आणि काही मिनिटे वाट पाहतो. तुमचे कार्ड किंवा रोख अजून घेतलेले नसल्याने उरलेली रक्कम नव्याने वाटून घेणे सोपे जाते. संदेश आलाच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयने दुकानदाराला दिलेले असे अडकलेले पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई ठरलेली आहे. म्हणून फोनवरचा व्यवहार क्रमांक जपून ठेवावा. केवळ फोनचा पडदा पाहून बिल पूर्ण धरावे असे काही ग्राहक सुचवतात, परंतु रक्कम आमच्या खात्यात आल्याशिवाय संगणक बाकी शून्य दाखवत नाही आणि बिल छापत नाही. ही सावधगिरी तुमच्यावरील अविश्वासातून आलेली नाही.

गल्ल्यासमोर चिकटवलेला क्यूआर कोड स्वतःहून स्कॅन करून अंदाजे रक्कम पाठवू नये, ही विनंती. आधी तिन्ही भाग सांगावेत. मग आमच्या पडद्यावर त्या भागाच्या रकमेसह कोड येतो, त्यामुळे आकडा चुकत नाही. पैसे पाठवण्यापूर्वी ॲपमध्ये वॉलेट निवडले आहे की बँक खाते, हेही पाहून घ्यावे, कारण बऱ्याच ॲपमध्ये दोन्ही असतात आणि खाते आधीपासून निवडलेले राहू शकते.

तीन मार्गांनी पैसे दिले म्हणून आम्ही तीन बिले करून देत नाही. बिल क्रमांक एकच राहतो, जीएसटी मालाच्या किमतीवर लागतो आणि खाली कोणत्या मार्गाने किती आले ते छापलेले असते. कार्डावर चुकून जास्त रक्कम गेली, तर त्याच दिवशी लगेच सांगावे. रात्री मशिनचा हिशेब बंद होण्यापूर्वी तो व्यवहार रद्द करता येतो, नंतर मात्र परतावाच करावा लागतो आणि त्याला काही कामाचे दिवस लागतात.

साडी परत आली तर कार्डाचे पैसे त्याच कार्डावर, वॉलेटचे त्याच वॉलेटमध्ये आणि रोखीचे रोख परत दिले जातात. कार्डाने आलेले पैसे रोख परत देणे आमच्या बँकेच्या नियमांत बसत नाही, त्यामुळे कितीही ओळखीचे ग्राहक असले तरी याबाबत आम्हाला नकार द्यावा लागतो. परत येताना बिल आणि पैसे दिलेले कार्ड सोबत आणावे. पैसे परत न घेता दुसरी साडी घ्यायची असेल, तर या हिशेबाची गरजच पडत नाही आणि बदललेल्या साडीचे फॉल-बिडिंगही आम्ही त्याच बिलात करून देतो.