सहाव्या घरातली शिडी

"पण मी खोटं बोललोच नाही!" पाच वर्षांचा भाचा रडकुंडीला आला होता. बाजारातून आणलेल्या सापशिडीत त्याची सोंगटी 'खोटे बोलणे' लिहिलेल्या घरात पडली आणि सापाने त्याला थेट तळाला नेलं. तीनचा फासा पडला, एवढाच त्याचा गुन्हा. मी समजूत काढली, डाव संपला. रात्री गच्चीवर अंथरुणं घातली तेव्हा तो हळूच म्हणाला, "मावशी, मी बोललो असेन गं. मला आठवत नाही."

त्या वाक्याने मला झोप लागली नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी मुलांना घरातच ठेवावं लागतं, त्यामुळे सापशिडी रोजच मांडली जाते. रोज कुणीतरी असा विनाकारण अपराधी ठरणार होता.

लहान मुलं असा विचार का करतात, याचा शोध ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने घेतला होता. १९३२ च्या पुस्तकात त्याने मुलांना सांगितलेली एक गोष्ट आहे. सफरचंदं चोरून पळणारा मुलगा कुजक्या पुलावरून जातो, पूल मोडतो आणि तो पाण्यात पडतो. चोरी केली नसती तर पडला असता का? मोठी मुलं म्हणतात, पूलच कुजका होता, पडलाच असता. लहानांपैकी बरीच म्हणतात, चोरी केली म्हणून पडला. वाईट वागलं की जग आपण होऊन शिक्षा देतं, असं त्या वयात खरंच वाटतं. मग उलटंही खरं वाटायला वेळ लागत नाही. शिक्षा झाली, म्हणजे मी वाईट वागलो असणार.

सापशिडीचं आपलं जुनं रूप, मोक्षपट, याच पायावर उभं आहे. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, वर मोक्ष. परंपरा तो ज्ञानेश्वरांशी जोडते. पण तो समजत्या माणसांनाच पेलतो. कवड्यांचं दान आपल्या हातात नसतं, हे मोठा माणूस मनात धरून खेळतो. पाच वर्षांच्या मुलाकडे ती समज नसते. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने १९४३ साली हा खेळ काढला तेव्हा साप काढून घसरगुंड्या घातल्या आणि घरांत चित्रं दिली. बी पेरलं की वर फुलं, जास्त गोड खाल्लं की खाली पोटदुखी. दुर्गुणाचं नाव जाऊन कृती आणि तिचा परिणाम आला. माझ्या मते खरी सुधारणा तीच, आणि मी तिथूनच सुरुवात केली.

सोलापूरच्या पूर्व भागातून मांजरपाटाचा तुकडा आणला आणि त्यावर सात ओळींत ४९ घरं आखली. चार-पाच वर्षांच्या मुलांना शंभर घरं फार होतात. सोंगट्या म्हणून शर्टाची बटणं घेतली. नियम एकच ठेवला. सापाच्या तोंडाशी मुलाचा दोष लिहायचा नाही, राहून गेलेल्या गोष्टीचं चित्र काढायचं, आणि शेपटीशी तिच्यामुळे खरोखर जे होतं तेच. ३१ व्या घरात दाराजवळ राहिलेली पाण्याची बाटली, २३ व्या घरात उन्हातून आलेला, डोकं धरून बसलेला मुलगा. शिडीलाही तेच लागू. पहिल्या प्रयत्नात मी हात धुण्याच्या शिडीवर टोकाला चॉकलेट काढलं होतं. शेजारची मुलगी म्हणाली, "मी काल हात धुतले, मग माझं चॉकलेट?" तिचं बरोबर होतं. बक्षीस खेळातच राहतं, घरी ते मिळत नाही. आता तिथे ताटात भाकरी, शेंगा चटणी आणि स्वच्छ हात आहेत.

मग कोणती शिडी कुठे ठेवायची? इथे गणित मदतीला आलं. एका दानाला सरासरी साडेतीन घरं पुढे जातो, म्हणजे साडेतीन घरांतल्या एकावर सोंगटी टेकते. पटाच्या मधलं कुठलंही घर घ्या, सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकदा जाताना त्यावर थांबण्याची शक्यता साधारण सातात दोन. सुरुवातीची घरं मात्र वेगळी असतात. पहिल्या घरात जायला एकच पडावा लागतो, म्हणजे सहात एक. पुढे वाटा वाढत जातात. सहाव्या घरात सहा पडूनही जाता येतं, एक-पाच, दोन-चार, तीन-तीन किंवा दोन-दोन-दोन असंही. तिथे शक्यता ३६ टक्क्यांपर्यंत चढते. सातवर एका दानात जाता येत नाही, म्हणून ती लगेच २५ टक्क्यांवर उतरते. साप-शिड्या मांडण्याआधी, शेवटचं घर सोडलं तर, सहावं घर हे पटावरचं सगळ्यात वर्दळीचं घर. चौघं खेळत असतील तर सहा डावांपैकी पाचांत कुणी ना कुणी तिथे थांबतंच. मी हात धुण्याची शिडी ६ वर ठेवली आणि ती २० वर नेली. शिडी चढताना सगळ्यांनी हात चोळत वीसपर्यंत मोजायचं, कारण साबणाने हात धुवायला साधारण वीस सेकंद लागतात.

शेवटच्या घरांत माझी चूक झाली. ४९ ला नेमकं दान हवं, असा नेहमीचा नियम ठेवला होता आणि ४७ वर रात्री उशिरापर्यंत टीव्ही बघण्याचा साप होता. मुलं तिथे अडकून रडायला लागली. कारण सोपं आहे. शेवटच्या सहा घरांत कुठेही असा, सहांपैकी एकच आकडा जिंकवतो, म्हणून तिथे पोचल्यावर, सापात न सापडताही, सरासरी सहा दानं लागतात. नेमकेपणाची अट काढली की दोनाहूनही कमी पुरतात. साप वाटेत, आणि मुलं तिथेच घुटमळताहेत, म्हणजे तो चावणारच. अटही काढली आणि तो सापही. त्याऐवजी वेळेवर झोपण्याची शिडी १३ वर ठेवली.

साप चावल्यावर काहीतरी करता यावं, म्हणून दुरुस्ती ठेवली. बाटलीच्या सापावरून घसरलेल्याने उठून एक घोट पाणी प्यायचं आणि ३१ वर परत यायचं. दोनच दिवसांत मुलं साप यावा म्हणून फासा फुंकायला लागली. चावल्यावर टाळ्या पडल्या की समजावं, दुरुस्तीचंच बक्षीस झालंय. आता पाणी पिऊन अर्ध्यावरच यायचं, २७ वर. टाळ्या थांबल्या, पाणी चालू राहिलं.

घरात थांबल्यावर चित्रात काय झालं ते मुलाने स्वतः सांगायचं, मोठ्यांनी वाचून दाखवायचं नाही. एलिडा लास्की आणि रॉबर्ट सीग्लर यांनी २०१४ मध्ये दाखवलं होतं, की शंभर घरांच्या पटावर बारावरून तीन घरं जाताना 'तेरा, चौदा, पंधरा' म्हणणारी मुलं आकडे शिकतात, 'एक, दोन, तीन' म्हणणारी तितकी शिकत नाहीत. जे तोंडातून जातं तेच डोक्यात बसतं. सवयींच्या बाबतीतही तसंच होत असावं, असा माझा अंदाज. खेळाने सवय लागते असं मी म्हणणार नाही. ती लागायला बाटली रोज दाराशीच दिसावी लागते. खेळातून मुलाला त्या गोष्टीचे शब्द मिळतात.

पट जमला की नाही, हे पाहायला 'काय शिकलास?' विचारून उपयोग नाही, मुलं आपल्याला हवं ते म्हणून दाखवतात. मी विचारते, "साप का चावला?" 'मी वाईट' असं उत्तर आलं तर ते चित्र बदलायचं. परवा भाच्याला विचारलं. त्याने बटण २३ वर सरकवलं आणि नजर न उचलता म्हणाला, "तीन पडले ना. आणि त्याने बाटली नेली नव्हती."