खोट्या ‘Re:’ची पार्श्वभूमी

नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या एखाद्या कारखान्याच्या खरेदी विभागात मेल येतो: ‘Re: बेअरिंगचं कोटेशन’. आत लिहिलेलं असतं, ‘गेल्या आठवड्यात आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे...’ साहेब चौकशीचं रजिस्टर चाळतात, सहकाऱ्याला विचारतात. बोलणं कुणाशीच झालेलं नसतं. विक्रेत्याने दुसऱ्याची पंधरा मिनिटं फुकट खाल्लेली असतात.

हे जमतं, कारण ‘Re:’ कुणीच तपासत नाही. कुठल्या मेलला उत्तर आहे, हे सांगणारे रकाने वेगळे आहेत. ईमेलच्या १९८२ च्या आरएफसी ८२२ मानकातच In-Reply-To आणि References होते. विषयाआधीचं ‘Re:’ मात्र रूढीने आलं. २००१ च्या आरएफसी २८२२ ने ‘उत्तरात ते वापरता येईल’ एवढंच म्हटलं. मग ते हाताने टाइप करायला कुणाला कोण अडवणार?

लवकरच स्पॅमवाल्यांनी ते उचललं. अमेरिकेने २००३ मध्ये कॅन-स्पॅम कायदा करून दिशाभूल करणाऱ्या विषय-ओळींना मनाई केली. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६अ आलं. मेल कुठून आला याबद्दल फसवणं त्यात गुन्हा होता. पण त्या कलमाची भाषा इतकी ढिली होती, की साध्या मतप्रदर्शनावरही लोकांना अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते सगळंच रद्द केलं. रद्द व्हायलाच हवं होतं, पण मेलबद्दलचा तो उपयोगी भागही त्याबरोबर गेला. दूरसंचार नियामक ट्रायचे नियम कॉल आणि एसएमएससाठी आहेत, ईमेलसाठी नाहीत.

तपासणी सोपी आहे. जीमेलमध्ये Show original उघडलं, की खऱ्या उत्तरात साधारण असं दिसतं:

```
Subject: Re: बेअरिंगचं कोटेशन
In-Reply-To: <a12@example.com>
```

In-Reply-To नसेल, तर शंका घ्यावी. मात्र लगेच निकाल देऊ नये, कारण काही जुन्या प्रणाली खऱ्या उत्तरातही हा रकाना गाळतात. उलट, विक्रेत्याने स्वतःच्याच पहिल्या मेलला उत्तर म्हणून दुसरा पाठवला, तर रकाना अगदी बरोबर भरलेला असतो. म्हणून त्या रकान्यातला ओळखक्रमांक आपण पाठवलेल्या मेलचा आहे का, हे बघावं. ‘Fwd:’मध्ये एवढीही सोय नाही, कारण खाली दिसणारा ‘मूळ मेल’ हा बहुधा नुसता मजकूर असतो, कुणीही लिहावा असा. तिथे ज्याचं नाव घातलंय, त्यालाच फोन करावा.

परसोडीच्या आयटी पार्कमधून किंवा हिंगण्यातून पहिल्यांदाच मेल पाठवणाऱ्यांनी सरळ लिहावं: ‘आपली आधी ओळख नाही. आपला पत्ता आपल्या वेबसाइटवरून घेतला.’ असे मेल कमी उघडले जातील, हे खरं. पण चिडलेला माणूस स्पॅमचं बटण दाबतो. रोज जीमेलवर ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांनी अशा तक्रारी ०.३ टक्क्यांखाली ठेवाव्यात, असं गूगलने २०२४ पासून बजावलं आहे. छोट्या कंपनीचंही डोमेन एकदा बदनाम झालं, की तिची खरी कोटेशनं आणि बिलंसुद्धा ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात.