गोदामातील बिन-पत्ता आणि स्लॉटिंग

गोदामातल्या प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र पत्ता देणे म्हणजे बिन-पत्ता, आणि कोणता माल कोणत्या कप्प्यात ठेवायचा हे ठरवणे म्हणजे स्लॉटिंग. माल काढणाऱ्या पिकरचा बराचसा वेळ चालण्यात जातो आणि ते चालणे कमी करणे हा दोन्हींचा हेतू असतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतींत पंप, इंजिन आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग ठेवणारी गोदामे या कामाचा चांगला नमुना आहेत. एकाच छपराखाली बोटावर मावणारे ऑईल सील असते आणि दोघांनी उचलावे लागणारे फ्लायव्हीलही.

पत्ता चालण्याच्या क्रमाने वाचता आला पाहिजे. 03-07-B-2 म्हणजे तिसरी गल्ली, सातवा रॅक, खालून दुसरी फळी, दुसरा बिन. फळ्यांची अक्षरे खालून वर द्यावीत, म्हणजे पुढे वर फळी वाढवली तरी जुने पत्ते बदलत नाहीत. I आणि O ही अक्षरे 1 आणि 0 सारखी दिसतात, म्हणून ती टाळावीत. गल्ली अरुंद असेल आणि पिकर दोन्ही बाजूंनी माल काढत असेल, तर डावीकडे विषम आणि उजवीकडे सम क्रमांक द्यावेत. आधी एक बाजू संपवून मग दुसरी बाजू क्रमांकित केली, तर पत्त्याच्या क्रमाने छापलेली पिकलिस्ट, म्हणजे काढायच्या मालाची यादी, पिकरला त्याच गल्लीत दोनदा फिरवते.

यानंतरचा प्रश्न असतो तो दाराजवळची जागा कोणाला द्यायची. विक्रीची रक्कम किंवा नगसंख्या पाहून दिली की हमखास चुकते. चार ऑर्डरींत पाच हजार बोल्ट गेले तर पिकर तिथे चारच वेळा गेला. साठ ऑर्डरींत दोनशे गॅस्केट गेली तर साठ वेळा. मोजायच्या त्या फेऱ्या, म्हणजे पिकलिस्टवरच्या ओळी. पण नुसत्या फेऱ्याही पुरत नाहीत, कारण माल जागाही अडवतो. लॉजिस्टिक्सचे अभ्यासक जे. एल. हेस्केट यांनी 1963 मध्ये मांडलेला निर्देशांक या दोन्हींना जोडतो: मालाला लागणारी जागा भागिले त्याच्या फेऱ्या. आकडा जितका लहान, तितका माल दाराजवळ.

समजा, जावक टेबलापासून 2, 4, 6, 8 आणि 10 मीटरवर पाच रॅक आहेत. एअर फिल्टरला चार रॅक लागतात आणि दिवसाला 40 फेऱ्या होतात. ऑईल सीलला एक रॅक आणि 30 फेऱ्या. फेऱ्या जास्त म्हणून फिल्टर पुढे ठेवले, तर त्याचे सरासरी अंतर 5 मीटर. जाऊन-येऊन 400 मीटर, आणि शेवटच्या रॅकवरच्या सीलसाठी 600, एकूण 1000. निर्देशांक मात्र फिल्टरचा 0.1 आणि सीलचा 0.033 येतो. म्हणून सील पुढे घेतले, की सीलचे 120 आणि फिल्टरचे 560 मिळून 680 मीटरच होतात. फिल्टरचा एकच रॅक पुढे ठेवून बाकी साठा मागे नेला तर चालणे आणखी घटते, पण मागून माल भरण्याचे काम वाढते. ते गर्दीच्या वेळेआधी झाले नाही तर पिकरला रिकामा कप्पा भेटतो.

हा हिशेब एका फेरीत एकच वस्तू काढण्यावर उभा आहे. ट्रॉली घेऊन एका फेरीत दहा-बारा ओळी काढल्या जात असतील, तर किती गल्ल्यांत शिरावे लागते हे जास्त महत्त्वाचे ठरते. अशा वेळी पिस्टन, रिंग आणि लायनर यांसारखे एकत्र मागवले जाणारे भाग एका गल्लीत ठेवावेत. मात्र दोन मापांच्या सारख्या दिसणाऱ्या रिंगा शेजारी ठेवू नयेत. चुकीचा माल जातो आणि परत येतो, त्यात वाचलेले चालणे पाण्यात. सगळा वेगवान माल एकाच गल्लीत कोंबला तर ट्रॉल्या एकमेकींना अडतात, म्हणून तो दोन-तीन गल्ल्यांच्या तोंडांशी विभागावा. गल्लीच्या आत कंबर ते खांदा ही उंची वेगवान मालाला द्यावी. हाताने उचलायचा जड नगही कंबरेच्या उंचीवर बरा. यंत्राने उचलायचा असेल तर खाली.

कोल्हापूर परिसरात मांडणी वर्षभर एकच राहून चालत नाही. ऊस गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या हब, बेअरिंगच्या फेऱ्या वाढतात. सप्टेंबरात जागा बदलताना मागच्या तीन महिन्यांचा आकडा घेतला तर पावसाळ्याचाच माल पुढे राहतो. गेल्या हंगामातल्या त्याच महिन्यांच्या पिकलिस्ट पाहाव्यात. सगळे गोदाम हलवण्याची गरज नसते. सर्वांत जास्त मीटर वाचवणाऱ्या अदलाबदली आधी कराव्यात आणि हलवण्याची मेहनत वसूल होईना की थांबावे. प्रत्येक अदलाबदलीत माल, लेबल आणि संगणकातला पत्ता एकाच वेळी बदलला पाहिजे. काही बदलायचे राहिले, की पिकलिस्टवर ‘माल नाही’ असे शेरे वाढतात, पण मोजणी केली की साठा पूर्ण भरतो.